कोपरा भिंतीचा नसतो, थप्पीचा असतो

कापसाचा सीझन लागला की आमच्या गोडाऊनमध्ये रुईच्या गाठी यायला लागतात, नवीन हमाल येतात, ट्रकवाले येतात, त्यांचे क्लीनर येतात, आणि मधातून फोर्कलिफ्ट फिरत राहते. म्हणून सीझनच्या सुरुवातीला सकाळी दहा मिनिटं मी सगळ्यांना मशीनजवळ उभं करतो. भाषण कमी, दाखवणं जास्त. तेच इथं लिहितो, कारण आजूबाजूच्या जिनिंगमध्ये, गोडाऊनमध्ये माझ्यासारखे बरेच जण आहेत.

पहिलं काम, मशीन बंद करून क्लॅम्पमध्ये चार गाठी धरायच्या, आणि एकेका हमालाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं. दुसऱ्याला गाठींसमोर उभं करायचं आणि विचारायचं, "दिसते का रे तो?" नाही दिसत! पूर्ण माणूस गायब होतो. आतापर्यंत ज्याला वाटत होतं की ड्रायव्हर आपल्याला पाहूनच राहिला आहे, त्याचा चेहरा तिथंच बदलतो. म्हणून माल समोर आडवा येत असेल तर ड्रायव्हरनं रिव्हर्समध्येच चालायचं, मान मागं वळवून. फक्त रॅम्प चढताना माल चढाच्या बाजूला, म्हणजे पुढंच ठेवावा लागतो, तेव्हा रस्ता मोकळा आहे हे सांगायला खाली एक माणूस पाहिजेच.

आता कोपऱ्याचं. एका गाठीचं वजन 170 किलोच्या आसपास, आणि तीन टन उचलणारी मशीन रिकामीच चार टनाच्या वर असते. ताशी 10 किलोमीटर म्हणजे सायकलचा स्पीड, कोणाला जास्त वाटत नाही, पण एका सेकंदात ती पावणेतीन मीटर पुढं जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेलाच असतो, वरून माल धरलेला असताना कचकन ब्रेक मारता येत नाही, म्हणजे थांबेपर्यंत पाच-एक मीटर सहज जातात. आणि थप्पीच्या आडून निघालेला माणूस दिसतो किती अंतरावर? मीटर-दीड मीटरवर. इथं ड्रायव्हर कितीही हुशार असू द्या, तो काहीच करू शकत नाही. म्हणून आमच्याकडे कोपऱ्यावर नियम एकच, पूर्ण थांबायचं, हॉर्न द्यायचा, मग माणसाच्या चालीनं निघायचं. आणि हॉर्न फक्त तिथंच. दिवसभर पों-पों वाजवला तर त्याच्याकडं कोणी लक्षच देत नाही.

गोल आरसे लावा, लावायलाच पाहिजे, पण ते खांबाला ठोकलेले असतात आणि आमचा कोपरा दर आठवड्याला सरकतो, कारण तो गाठींच्या थप्पीनं बनतो. थप्पी दोन मीटर पुढं आली की आरसा नुसता गाठीच दाखवतो. (धुळीनं मळलेला असला तर तेही नाही.) यावर मला पटलेला उपाय म्हणजे गल्लीच्या तोंडाची शेवटची रांग कमरेच्या वर लावायचीच नाही. जागा थोडी वाया जाते, मालक कुरकुरतात, पण दोन्हीकडून डोकं दिसतं. मुकादमाला मी हेच सांगून ठेवलं आहे, थप्पी लावतानाच कोपरा उघडा ठेव.

पण माझं खरं मत विचाराल तर माणूस त्या कोपऱ्यावर आलाच काहून, हे आधी पाहा. सकाळी झाडू मारायच्या आधी फरशीवर धूळ आणि रुईची पिसं असतात, त्यात पायाचे ठसे स्पष्ट दिसतात. आमच्याकडे पिवळा पट्टा भिंतीकडून होता आणि ठसे सगळे मशीनच्या गल्लीतून, सरळ पाण्याच्या माठाकडं! तहान लागलेला माणूस लांबून वळसा घालून जाईल का? मग माठ हमालांच्या बाजूला आणला, त्यांच्यासाठी छोटं दार उघडं केलं, मोठं शटर फक्त मशीनला आणि मधात लोखंडी पाइपाचा कठडा टाकला, तेव्हा ठसे हलले. नुसत्या रंगाच्या पट्ट्यानं मशीन अडत नाही अन् माणूसही अडत नाही.

कठडाही मशीनला अगदी चिकटून नको. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, म्हणजे ती डावीकडं वळली की मागचं जड बूड उजवीकडं बाहेर फिरतं. हे मी खडूनं फरशीवर आखून दाखवतो, मशीन हळू वळवायची आणि बूड कुठपर्यंत गेलं ते आखायचं. त्या रेषेच्या आत कठडा आला तर बूड आणि पाइपाच्या मधात सापडलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

सगळ्यात अवघड लोक म्हणजे बाहेरून आलेले. ट्रकड्रायव्हर आणि क्लीनरनं लोडिंग होईपर्यंत काट्याजवळच्या शेडमध्येच बसायचं, ट्रकची चावी आमच्या ऑफिसात. गाठी मोजायला यायचंच असेल तर आधी मशीन बंद, क्लॅम्प खाली, ड्रायव्हरचा हात वर, मगच साखळी काढायची. "दोनच मिनिटं हो साहेब" म्हणणारे रोज भेटतात, त्यांच्यासाठीही मशीन बंदच होते.