‘पन्नास ग्रॅमची ट्यूब चार महिने’: एका प्रतिक्रियेला उत्तर

क्रीम आणि सनस्क्रीनच्या लेबलांवरच्या माझ्या लेखाला आलेली वाचकाची प्रतिक्रिया: “मॅडम, लेख वाचला. एवढं शास्त्र सांगण्यापेक्षा सरळ सांगा की ही लेबलं खोटी असतात. मी एसपीएफ ५० चं सनस्क्रीन रोज सकाळी न चुकता लावते, ५० ग्रॅमची ट्यूब चार महिने वापरली, तरी चेहरा काळवंडलाच. नॉन-कॉमेडोजेनिक लिहिलेल्या क्रीमने चार दिवसांत पुटकुळ्या आल्या. आणि पॅराबेनवर तुम्ही कंपन्यांची बाजू घेता, त्यामागे काय ‘देवाणघेवाण’ असेल ते वाचकांना कळतं. दोन बोटांचा तुमचा नियमही प्रत्येक ट्यूबला वेगळा पडतो.”

आधी अवतरणचिन्हांत टाकलेल्या त्या एका शब्दाबद्दल. मी १४ वर्षं क्रीम आणि सनस्क्रीनचे फॉर्म्युले बनवण्याचं काम केलं आहे आणि या ब्लॉगवर आजवर एकही जाहिरात घेतलेली नाही. माझं गणित चुकलं असेल तर ते दाखवा, मी दुरुस्त करीन. हेतूवर शंका घ्यायची आणि पुरावा द्यायचा नाही, याला मी टीका मानत नाही. मतभेद असू द्या, पण असं बोलणं मला लागतं आणि ते मी लपवणार नाही.

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे. दोन बोटांवर रेघ ओढून तेवढं सनस्क्रीन घ्यायचं, हा दोन बोटांचा नियम मी ढोबळ लिहिला होता. ट्यूबचं तोंड रुंद असलं तर बोटावरची रेघ जाड पडते, अरुंद असलं तर बारीक, आणि दोन्हींत कितीतरी फरक पडतो. त्याऐवजी मापाचा पाव टीस्पून घ्या, म्हणजे साधारण सव्वा मिलिलिटर. चेहरा आणि मान यांना मिळून एवढं लागतं. मूळ लेखात ही दुरुस्ती केली आहे.

आता चार महिन्यांच्या ट्यूबकडे येते, कारण लेबल खोटं ठरवणारं तुमचं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. ५० ग्रॅम भागिले १२० दिवस, म्हणजे दिवसाला जेमतेम ०.४ ग्रॅम. चेहरा आणि मान यांचं क्षेत्रफळ ढोबळमानाने ६०० चौरस सेंटीमीटर धरू. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर तुम्ही साधारण ०.७ मिलिग्रॅम लावलं. एसपीएफची चाचणी होते ती २ मिलिग्रॅमवर. हा आकडा कंपनीच्या मर्जीचा नसतो, आयएसओ २४४४४ या चाचणीच्या पद्धतीतच तो ठरवून दिलेला आहे. म्हणजे लेबलावरचा ५० हा आकडा तुमच्या थराच्या जवळजवळ तिप्पट जाड थराचा आहे.

सरळ प्रमाण धरलं तरी तुमच्या चेहऱ्यावर एसपीएफ १७-१८ उरला. प्रत्यक्षात तो याहूनही खाली जाऊ शकतो. त्वचा काचेसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक उंचवटे आणि खळगे असतात. क्रीम कमी घेतलं की ते खळग्यांत जमतं आणि उंचवटे जवळजवळ उघडेच राहतात. किरण तिथूनच आत शिरतात. चोळून चोळून ‘जिरवलं’ की हेच होतं. सनस्क्रीन जिरवायचं नसतं, पसरवून वाळू द्यायचं असतं. मॉइश्चरायझरमध्ये कालवून लावणाऱ्यांचीही हीच गत होते: मात्रा निम्मी होते आणि सलग पापुद्रा धरावा म्हणून बसवलेली क्रीमची घडण मोडते. मॉइश्चरायझर आधी लावा, ते सुकू द्या, मग वरून सनस्क्रीन. पावडर किंवा फाउंडेशन लावायचं असेल तर त्याआधी दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

चाचणीत नेमकं काय मोजतात तेही सांगते, कारण लेबल काय कबूल करतं ते त्यातूनच कळतं. स्वयंसेवकांच्या पाठीवर ठरलेल्या जाडीचा थर देतात, तो वाळू देतात, मग दिव्याच्या वाढत्या मात्रा छोट्या छोट्या चौकोनांवर पाडतात. दुसऱ्या दिवशी पाहतात की पहिली लाली कुठल्या मात्रेला उमटली. क्रीम लावलेल्या त्वचेला लाल व्हायला उघड्या त्वचेच्या ५० पट मात्रा लागली, तर एसपीएफ ५०. यात घड्याळ कुठेच नाही. दुपारी बाराच्या उन्हात दहा मिनिटांत जेवढी मात्रा मिळते तेवढी मिळायला सकाळी आठला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून उघडी त्वचा दहा मिनिटांत लाल होत असेल तर एसपीएफ ५० लावून ‘दहा मिनिटं गुणिले पन्नास’ एवढा वेळ उन्हात राहता येतं, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. शिवाय चाचणीतला माणूस घाम पुसत नाही, ओढणीने तोंड झाकत नाही, रिक्षात बसून दर पाच मिनिटांनी रुमाल फिरवत नाही. सकाळी आठला एकदा लावलेला थर दुपारी दोनला बराचसा रुमालावर गेलेला असतो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायला सांगतात, ते याचसाठी.

आणि मोजतात ती लाली. तुमची तक्रार काळवंडण्याची आहे. लाली मुख्यतः यूव्हीबी किरणांनी येते, तर काळवंडण्यात यूव्हीए किरणांचा मोठा वाटा असतो. त्यांच्याबद्दल एसपीएफचा आकडा फारच थोडं सांगतो. त्यासाठी ट्यूबवर पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं पाहायची. ही पद्धत मूळ जपानची. चाचणीत यूव्हीएपासूनचं संरक्षण १६ पट किंवा त्याहून जास्त निघालं तर चार चिन्हं मिळतात, आठ ते सोळाच्या मध्ये असेल तर तीन. ५० एसपीएफ असलेल्या ट्यूबवर पीएला दोनच चिन्हं असू शकतात आणि तरीही ५० हा आकडा खराच असतो. तुमच्या ट्यूबवर किती आहेत, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या सावळ्या त्वचेसाठी फार महत्त्वाची. डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही, त्यातला निळा भाग विशेषतः, आपल्या त्वचेत रंग वाढवतो. वांग असलेल्यांना याचा त्रास जास्त होतो. एसपीएफ आणि पीए हे दोन्ही आकडे या प्रकाशाबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. त्याला अडवतो तो आयर्न ऑक्साइडचा रंग, म्हणजे त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन. घटकांच्या यादीत CI 77491, CI 77492, CI 77499 हे आकडे शोधा. गालावर किंवा कपाळावर डाग पडून काळवंडणं असेल, तर पांढऱ्या क्रीममध्ये ५० च्या पुढचा आकडा शोधण्यापेक्षा हे आकडे असलेलं क्रीम घेणं उपयोगाचं.

सगळी लेबलं खरी असतात, असं मी मूळ लेखातही म्हटलेलं नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘चॉइस’ या ग्राहक संघटनेने २० सनस्क्रीन तपासून घेतली. त्यातली १६ लेबलावरच्या आकड्याला उतरली नाहीत. खोटं लेबल उघडं पडतं ते असं, ठरलेल्या मात्रेने चाचणी केल्यावर. एक तृतीयांश मात्रा लावून आरशात पाहिल्यावर नाही. रोज एकदाच पुरेशी मात्रा लावली तरी ५० ग्रॅमची ट्यूब साधारण ४० दिवसांत संपते. तुमच्या चार महिन्यांत तीन ट्यूबा संपायला हव्या होत्या. हे खर्चिक आहे, मान्य. म्हणूनच मी महागडी, छोट्या ट्यूबमधली सनस्क्रीनं सुचवत नाही. हात आखडून लावलेल्या महाग क्रीमपेक्षा सढळ हाताने लावता येईल असं स्वस्त क्रीम कधीही बरं.

बाकी मुद्दे थोडक्यात.

नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे त्वचेची छिद्रं न बुजवणारं. या शब्दाची कायद्यात पक्की व्याख्या नाही. पूर्वी सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला पदार्थ लावून तिथली छिद्रं बुजतात का ते पाहत. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फारच संवेदनशील असतो. शिवाय बरेचदा तपासत ते एकेक घटक, तयार क्रीम नव्हे. कुठला घटक छिद्रं किती बुजवतो याचे इंटरनेटवर फिरणारे शून्य ते पाचचे तक्ते बहुतांशी त्याच पठडीतले आहेत. माणसावरच्या चाचणीत पाठीवर काही आठवडे पट्टी लावतात, मग चिकट द्रावाने छिद्रांतला मळ उपसून बारीक कॉमेडोन, म्हणजे बुजलेली छिद्रं, मोजतात. एखादी कंपनी ही चाचणी करते, एखादी नुसती घटकांची यादी पाहून शब्द छापते. पॅकवर ‘चाचणी केलेलं’ असं वेगळं लिहिलेलं आहे का ते पाहा, तरीही चाचणी किती जणांवर झाली ते बहुधा कळणार नाही.

पण तुमच्या बाबतीत चार दिवस हाच खुणेचा आकडा आहे. छिद्र बुजून कॉमेडोन तयार व्हायला आठवडे लागतात. चार दिवसांत एकसारखे, खाजणारे किंवा चुरचुरणारे बारीक दाणे उठले, तर ती बहुधा एखाद्या घटकाने किंवा सुगंधाने झालेली त्वचेची जळजळ असते, आणि ती होणार नाही असं हा शब्द कधीच म्हणत नाही. क्रीम बंद करा. दाणे आठवड्याभरात ओसरले तर कारण कळलं. नसतील ओसरत, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पॅराबेनबद्दल मी मूळ लेखात जे लिहिलं, त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. ‘पॅराबेन-फ्री’ एवढंच सांगतं की संरक्षकांचं एक कुटुंब या क्रीममध्ये नाही. त्याच्या जागी काय आहे ते सांगत नाही, आणि पाणी असलेल्या क्रीममध्ये काहीतरी असावंच लागतं, नाहीतर त्यात जंतू आणि बुरशी वाढते. भीती सुरू झाली ती २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासातून. स्तनाच्या २० गाठींत पॅराबेन सापडले होते, पण शेजारच्या निरोगी पेशींशी तुलना केलेली नव्हती आणि गाठ पॅराबेनमुळे झाली असं त्या अभ्यासातून सिद्ध होत नव्हतं. युरोपने २०१४ मध्ये काही पॅराबेन बंद केले, प्रोपिल आणि ब्यूटिलची मर्यादा खाली आणली, मिथाइल आणि इथाइल चालू ठेवले. दरम्यान पॅराबेन काढून कितीतरी क्रीममध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं संरक्षक घातलं गेलं आणि त्याच्या ॲलर्जीची लाटच आली. शेवटी अंगावर राहणाऱ्या क्रीममधून युरोपला ते बंद करावं लागलं. त्वचेच्या ॲलर्जीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षाचा ॲलर्जेन’ ठरवलं आणि २०१९ मध्ये पॅराबेनला ‘वर्षाचा नॉन-ॲलर्जेन’. याला कोणाची बाजू घेणं म्हणत असाल तर म्हणा.

तुमच्याशी वाद वाढवायचा नाही. नवी ट्यूब उघडाल त्या दिवशी तिचं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, दहा दिवसांनी पुन्हा करा, फरकाला दहाने भागा. रोज एकदाच लावत असाल तर उत्तर १.२ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. जो आकडा येईल तो, आणि ट्यूबवर पीएची किती चिन्हं आहेत ते, इथेच खाली लिहा. मात्रा पुरेशी असूनही चेहरा काळवंडत असेल, तर त्या ट्यूबच्या घटकांची यादी आपण ओळ न् ओळ पाहू.