पिन बसली म्हणजे झालं काय हो?

राजेहो, एक टोक जगात कुठंही चालतं आणि दुसरं टोक फक्त स्वतःच्या घरचंच ओळखतं, अशी केबल कोणाच्या डोक्यातून निघाली असेल? आणि निघाली तर निघाली, तिच्यावर कोणाच्या घरची आहे तेवढं तरी छापायला काय जात होतं?

मी लग्नाचं शूटिंग करतो. गाव दारव्ह्यापासून आत. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी. दिवसा मांडवात, रात्री एडिटिंगला. लाईनचं तर तुम्हाला माहीतच आहे. येते, जाते, येताना दोनदा डोळे मिचकावते. अशाच एका रात्री माझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय फट् आवाज करून बसला. सहा वर्षं चालला होता बिचारा, त्याच्यावर माझा राग नाही. नागपूरहून दुसऱ्या कंपनीचा ६५० वॅटचा नवा मागवला, मॉड्युलर. म्हणजे केबल डब्याला कायमच्या जोडलेल्या नसतात, लागेल तेवढ्याच खोचायच्या.

रविवारी आतेभाऊ आला. कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे, त्याला सगळं येतं. नव्या सप्लायसोबत काळ्या कापडी पिशवीत नव्या केबल आल्या होत्या. ती पिशवी त्यानं सोडलीसुद्धा नाही. का? तर जुन्या केबल मी कॅबिनेटच्या मागच्या बाजूनं पट्ट्या आवळून एकदम नीट बसवल्या होत्या. त्या कोण उसवणार?

मदरबोर्डची मोठी २४ पिनची केबल बसेना. जुन्या सप्लायकडच्या टोकाला १० आणि १४ पिनचे दोन प्लग होते, नव्या डब्यावर १८ आणि १० ची भोकं. मग नाइलाजानं पिशवी उघडून ती बदलली. त्याच झटक्यात समोरच होत्या म्हणून प्रोसेसरची आणि ग्राफिक कार्डचीही नवी लावली. राहिली डिस्कची केबल, जिच्यावर माझी ५०० जीबीची एसएसडी आणि ४ टीबीची हार्ड डिस्क. तिचं सप्लायकडचं टोक सहा पिनचं. नव्या डब्यावरही सहाच भोकं. खटकन बसली.

मी म्हटलं, "अबे, हे दुसऱ्या कंपनीचं हाय ना?"

"भाऊ, बसली ना पिन? मंग कायले टेन्शन घेतं तू?"

बटन दाबलं. पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा दाबायच्या आत तो वास आला. जळलेल्या बेकलाइटचा असतो ना, नाकात चिकटणारा, तो.

डिस्कची केबल काढल्याबरोबर कॉम्प्युटर गुमान सुरू झाला. स्क्रीनवर सगळं दिसतंय, फक्त डिस्क एकही नाही.

आता माझा राग कुठं आहे ते सांगतो. या केबलचं जे टोक डिस्कमध्ये जातं, ते जगभर ठरलेलं आहे. कोणत्या पिनवर ५ व्होल्ट, कोणत्यावर १२, कोणती ग्राउंड, सगळं लिहून ठेवलंय. म्हणून कोणतीही डिस्क कोणत्याही कॉम्प्युटरला लागते. पण जे टोक सप्लायच्या डब्यात जातं, त्याच्यासाठी असा काहीच नियम नाही. तिथं कोणत्या भोकात काय सोडायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं. यांचे व्होल्ट वेगळ्या भोकात, त्यांचे वेगळ्या. बरं, वेगळं ठेवता तर आकार तरी वेगळा ठेवा! नाही. बाजारात जो तयार सहा पिनचा प्लग मिळतो तोच बहुतेकांनी उचलला. त्या प्लगची काही भोकं चौकोनी, काही कोपरे कापलेली असतात. आपल्याला वाटतं, ही चुकू नये म्हणून केलेली सोय. ती सोय फक्त प्लग उलटा बसू नये म्हणून आहे. आतून १२ येतंय की ५, याच्याशी त्या खाचांचा काही संबंध नाही.

आणि दोन वेगळ्या कंपन्यांचंच कशाला, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही हे होतं, कारण पुष्कळ ब्रँड डबे स्वतः बनवत नाहीत, वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घेतात. कॉर्सेअरवाले निदान केबलच्या टोकावर टाईपचा आकडा छापतात आणि कोणती केबल कोणत्या सप्लायला चालते याचा तक्ता ठेवतात. त्यांच्याच टाईप ३ आणि टाईप ४ मध्ये २४ पिनची केबल वेगळी आहे. पण छापतात तरी! माझ्या जुन्या केबलवर तर कुत्रंही छापलेलं नव्हतं.

वास गेल्यावर मी मीटर घेऊन बसलो. डिस्क काढलेली, केबल तशीच खोचलेली. तिच्या शेवटी जुन्या पद्धतीचा चार भोकांचा मोलेक्स होता, वायरींना रंगही होते. लाल म्हणजे ५ व्होल्ट, पिवळी म्हणजे १२, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. काळी प्रोब काळीत, लाल प्रोब लाल वायरीत. मीटर म्हणतं १२.१. पिवळीत घातली तर ५.०. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा आतेभावाला बघायला लावलं. तेव्हा कुठं त्याचं तोंड बंद झालं.

म्हणजे पाच पाहिजे तिथं बारा गेले. एसएसडी फक्त ५ व्होल्टवर चालते, तिच्या आतले चिप तेवढ्याच दाबाचे. जवळजवळ अडीच पट दाब आल्यावर ती काय करणार? तो वास तिचाच होता. विंडोज तिच्यावर, आणि तीन लग्नांची एडिटिंगची फाइलही तिच्यावर. गेलं.

"पण सप्लायमध्ये प्रोटेक्शन असतं ना?" असं मला निदान चार जणांनी विचारलं. असतं हो. पण ते आपल्या डब्यापुरतं. शॉर्ट झालं, करंट फार वाढला, व्होल्ट हलले, तर बंद होतं. इथं डब्याच्या हिशेबानं सगळं बरोबर होतं. बारावर बारा, पाचावर पाच. ते बारा पुढं जाऊन कोणाच्या घरात घुसले हे त्याला कळायला जागाच नाही. डिस्कमध्ये काहीतरी जळून शॉर्ट झालं तेव्हा तो बंद पडला, म्हणून ते अर्धे फेरे. १२ व्होल्ट थेट ग्राउंडच्या भोकात गेले असते तर बरं झालं असतं एकवेळ, लगेच शॉर्ट धरून डबा सुरूच झाला नसता. माझ्या नशिबी नेमकी पाच-बाराची अदलाबदल!

हार्ड डिस्क घेऊन यवतमाळला एका म्हाताऱ्या टीव्ही मेकॅनिककडं गेलो. काकांनी डिस्क उलटी केली, बारीक स्क्रू काढून तळाचं हिरवं बोर्ड सोडवलं आणि पॉवरच्या तोंडाजवळचा एक काळा चौकोनी तुकडा दाखवला. नख बुडेल एवढासुद्धा नाही. मीटरचे दोन्ही टोकं त्याच्यावर ठेवले, मीटर किर्र ओरडलं.

"हे पाय, हा आडवा झोपला. म्हनून तुया माल वाचला असंल."

त्याला टीव्हीएस डायोड म्हणतात. ५ व्होल्टच्या लाइनवर एक, १२ च्या लाइनवर एक. जास्त व्होल्ट आले की तो स्वतः वाट करून देतो, फारच झालं तर स्वतः जळून शॉर्ट होतो आणि मागचं बोर्ड वाचतं. तो शॉर्ट असेपर्यंत सप्लाय सुरूच होत नाही. हीच खूण. डिस्क लावली की कॉम्प्युटर मुका, काढली की चालू. काकांनी ५ व्होल्टवाला डायोड गरम हवेनं उचलून टाकला, बोर्ड परत लावलं, बरोबर केबलवर डिस्क फिरली. तिथंच बसून त्यांच्याच कॉम्प्युटरवरून सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, कारण आता तिला वाचवणारं कोणी नाही, पुढचा झटका थेट काळजात. आणि हे माझं जमलं म्हणून सगळ्यांचं जमेल असं नाही. डायोडच्या मागचं काही जळलं असतं तर काकाही काही करू शकले नसते.

नव्या सप्लायच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणे, "आमच्या डब्यात केबल दिल्या होत्या ना? तुम्ही दुसऱ्याची का लावली?" बरोबर आहे त्याचं, म्हणून तर आणखी चीड येते. मला बोलायला जागाच नाही. पण त्या पिशवीवर मोठ्या अक्षरात एक ओळ छापली असती तर? कागदी पुस्तिकेत बारीक टायपात इंग्रजीत होती, नंतर सापडली.

रात्री झोप लागेना म्हणून दोन्ही केबल घेऊन बसलो. नवी आणि जुनी, दोन्ही सुट्या, लाईनचा काही संबंध नाही. मीटर बीपवर ठेवलं. सप्लायकडच्या टोकाची खिट्टी वर धरून भोकांना १ ते ६ आकडे दिले आणि एकेका भोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बीप कुठं वाजते ते वहीत लिहिलं. दहा मिनिटं लागली. चार भोकं दोन्हीकडं सारखी, उरलेल्या दोनांत ५ आणि १२ उलटे. दहा मिनिटं! आधी बघितलं असतं तर तीन लग्नं वाचली असती. खरं तर तेवढीही लागत नव्हती, पिशवीतली केबल लावली असती की संपलं.

आता नवरीचा बाप रोज फोन करतो. "भाऊ, क्यासेट झाली का?" क्यासेट म्हणतो अजून. शूटिंग वाचलंय, पण हळदीपासून सगळं पुन्हा कापायचंय, हे त्याला कसं सांगू?

काल आतेभाऊ परत आला. चहा पिताना त्याची नजर कोपऱ्यातल्या जुन्या केबलींच्या गुंडाळीवर गेली. "भाऊ, ह्या देतं का? दुकानात कोनाले लागतीन तं." कोणत्या कंपनीच्या, कोणत्या डब्याच्या, काही लिहिलेलं नाही, आणि हा त्या दुकानातल्या खोक्यात टाकणार होता!

मी पकड घेतली आणि त्याच्यासमोरच सप्लायकडची सगळी टोकं कापली.