मामांचा पूरक

परवा मेव्हण्याच्या लग्नात, सकाळी आठ वाजता, मंगल कार्यालयाच्या बेसिनपाशी उभा राहून मी दम्याच्या इन्हेलरमध्ये पावडरीची कॅप्सूल घातली. एवढाच माझा गुन्हा.

"जावईबापू, श्वास चुकतोय तुमचा."

मामेसासरे! निवृत्तीनंतर बागेत प्राणायामाचा वर्ग घेतात, तेव्हापासून समस्त नाकांवर त्यांचा हक्क आहे. खरं तर मी इन्हेलर बाजूला धरून छातीतली हवा बाहेर सोडत होतो. मग तो ओठांत घट्ट धरला, जोरात ओढणार तोच, "हळू! पूरक सावकाश! मनात सहा मोजा!" दचकून माझा श्वासच ढेपाळला. आतली कॅप्सूल गरगरलीसुद्धा नाही.

फवाऱ्याच्या पंपात औषध ढकलायला गॅस असतो, म्हणून तिथे सावकाश श्वास. पावडरीला ढकलणारं कुणी नाही. कॅप्सूलमधून ती उचलायची, साखरेच्या कणांना चिकटलेलं औषध सुटं करायचं, हे सगळं माझ्याच श्वासाने. हळू ओढलं की ती घशातच बसते. हे मी मामांना आदराने सांगितलं.

"द्या इकडे, दाखवतो," म्हणत त्यांनी इन्हेलर घेतला आणि बासरीत फुंकावी तशी जोरदार फुंकर मारली.

अर्धं औषध माझ्या नव्या जाकिटावर, उरलेलं त्यांच्या मिशीवर. "रिकामंच आहे की हो!" वर त्यांच्या श्वासाचा दमटपणा आत. ओल लागली की पावडरीचे गठ्ठे होतात, म्हणून मी स्वतःसुद्धा त्यात कधी श्वास सोडत नाही. आणि मामांनी नुकतेच पोहे खाल्ले होते. धुवावा तर पुरता वाळेपर्यंत वापरता येत नाही, तोवर मुहूर्त टळणार. कोरड्या रुमालाने पुसला. मनाने नाही पुसला गेला.

संध्याकाळसाठी ठेवलेली कॅप्सूल काढली. या वेळी सणसणून ओढली, आत छान फर्रर्र झालं. श्वास दहा आकडे रोखून धरला. चौथ्या आकड्याला मामा म्हणाले, "बोलत का नाही तुम्ही?" सातव्याला त्यांनी आरोळी ठोकली, "अहो, जावयांना काहीतरी होतंय!" दहाव्याला माझ्याभोवती बारा माणसं आणि एक करवली. उघडून पाहिलं तर थोडी पावडर उरलेली. म्हणजे पुन्हा तोच प्रयोग, आता प्रेक्षकांसमोर.

मग गुळण्या. मागच्या वर्षी आळस करून त्या सोडल्या, तर आवाज बसला आणि जिभेवर पांढरे चट्टे आले. यातलं स्टेरॉइड तोंडात राहिलं की बुरशी धरते, असं डॉक्टरांनी बजावलंय. पाणी गिळायचं नाही, थुंकायचं. हात धुवायला थांबलेली एक आत्या रांगेतून म्हणाली, "पित्त उसळलं वाटतं."

संध्याकाळी गावातली दोन्ही औषधांची दुकानं पालथी घातली. ती कॅप्सूल कुठेच नव्हती. रात्री पंगतीत मामा सगळ्यांना सांगत होते, "जावयांना दमा आहे. पण मी दाखवलंय त्यांना, कसं ओढायचं ते."