खुलासा मिळू नये म्हणून खुलासा कसा मागावा

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, खारा वारा थेट अंगावर घेणाऱ्या घराचे काम आपल्याकडे असेल आणि डिझायनर पुण्यात बसत असेल, तर ड्रॉइंगमधील विसंगतीचा खुलासा मागणारे पत्र, म्हणजेच आरएफआय, आपल्याला लिहावेच लागेल. ते अशा खुबीने लिहावे, की उत्तर आले तरी कामाला लागू नये.

समजा, २३० बाय ४५० मिमीचा बीम आहे. सर्वसाधारण टिपांत कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, ४५ मिमी आहे आणि त्याच बीमच्या छेदात २५ मिमी. पहिल्या आकड्याने फिटरला सळ्यांभोवतीची १४० बाय ३६०ची रिंग वळवावी लागते, दुसऱ्याने १८० बाय ४००ची. हे पत्रात चुकूनही लिहू नये. दोन्ही ड्रॉइंगांचे क्रमांक, रिव्हिजन आणि ग्रिड दिले, तर बिचाऱ्या डिझायनरला ती जागा दोन मिनिटांत सापडेल. त्याऐवजी ‘आपल्या ड्रॉइंगमध्ये अनेक गंभीर चुका आढळल्या असून त्यामुळे काम ठप्प आहे, तरी खुलासा व्हावा’ असे लिहून प्रत मालकांना पाठवावी. मग डिझायनर चूक शोधण्याऐवजी स्वतःचा बचाव शोधू लागतो आणि ‘ड्रॉइंगप्रमाणे करावे’ असे बाणेदार उत्तर येते. कोणत्या ड्रॉइंगप्रमाणे, हे विचारायला दुसरे पत्र आहेच.

स्वतःचा प्रस्ताव तर मुळीच देऊ नये. ‘आयएस ४५६:२००० प्रमाणे किनारी हवेत उघडे राहणारे काँक्रीट सिव्हियर गटात येते व त्यास ४५ मिमी कव्हर लागते, म्हणून ४५ धरावे काय?’ असे विचारले, तर त्याला नुसते ‘होय’ लिहून मोकळे होता येईल. त्याहून घातक म्हणजे त्यापुढचे वाक्य: ‘मात्र ४५ धरल्यास ८ मिमीच्या रिंगेत खालच्या चार २० मिमी सळ्यांमध्ये जेमतेम १५ मिमी फट उरते, २५ धरल्यास ती २८ असते, १५च्या फटीतून २० मिमी खडी खाली उतरणार नाही, शिवाय बीमची परिणामकारक खोलीही २० मिमीने घटते, तरी सळ्यांची मांडणी तपासून कळवावी.’ एवढे वाचल्यावर कोणता डिझायनर पुन्हा हिशेब मांडणार नाही? (आपण पुरते वाचून लिहिले आहे, असा संशयही येतो, तो वेगळा.)

त्याच पत्रात खिडकीच्या लिंटेलची उंची आणि टाइलचा रंगही विचारावा, म्हणजे आर्किटेक्टचे उत्तर येईपर्यंत कव्हरही अडकून राहील. ‘रिंगा गुरुवारी वळवायच्या आहेत, बुधवारपर्यंत उत्तर हवे’ असे न लिहिता ‘तातडीने’ लिहावे. तो शब्द कोणत्याही वारी खरा असतो.

उत्तर येईल तोवर फिटरने दोन्ही ड्रॉइंगांचा मान राखून १६० बाय ३८०च्या रिंगा वळवून ठेवलेल्या असतील.