पडद्याआडून कराचा दर दिसत नाही

«अज्ञानाच्या पडद्याआड बसवलं तर प्रत्येक जण एकच कररचना निवडेल : कमाईचा जवळपास सगळा भाग कर म्हणून घ्या आणि सगळ्यांत सारखा वाटा. रॉल्सने हे सिद्ध केलंय. ज्याला पटत नाही तो स्वार्थी.»

कुणीतरी लिहिलेला हा मजकूर माझ्या भाचीने वादस्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा घेतला, म्हणून लिहायला बसले.

आधी जॉन रॉल्स, हा अमेरिकी तत्त्वज्ञ. अज्ञानाचा पडदा ही त्याची कल्पना : समाजाचे नियम ठरवताना आपण त्यात गरीब असू की श्रीमंत, हे कुणालाच माहीत नाही असं धरायचं. १९७१च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये त्याने कराबद्दल स्वतःच लिहिलंय : सर्वोत्तम रचनेत खर्चावर एकाच दराचा कर बसू शकेल. चढत्या दराचा कर तो वारशावर सुचवतो. उत्पन्नावर चढा कर तो नाकारत नाही, पण त्यासाठी कारण देतो सध्याच्या व्यवस्थेतल्या अन्यायाचं. सिद्ध केलं म्हणणाऱ्याने निदान तेवढी पानं तरी उघडायची.

खरा घात आहे तो ‘जवळपास सगळा भाग’ या शब्दांत. तुम्ही कोण निघाल हे माहीत नाही, म्हणून सर्वांत वाईट जागा धरा : तुम्हाला कामच करता येत नाही, जगायचं ते वाटपावर. कर नसताना समाजात माणशी सरासरी १०० कमाई होते. समजा, कर वाढेल तशी कमाई घटते आणि घटते ती हातात उरणाऱ्या वाट्याच्या प्रमाणात. दर ५० टक्के असेल तर कमाई ५० वर येते, कर जमतो २५, आणि तो तुम्हाला मिळतो. दर ९० टक्के केला तर कमाई उरते १० आणि तुमच्या हाती पडतात ९. दर १०० टक्के झाला की वाटायला काहीच नाही. ज्याच्या कळवळ्याने हे लिहिलंय, त्याच्याच ताटातले १६ गेले!

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करते. लोक कराला एवढा प्रतिसाद देत नसतील, म्हणजे हातातला वाटा १ टक्का घटल्यावर कमाई पाव टक्काच घटत असेल, तर याच हिशेबाने सर्वाधिक वाटप ८० टक्के दराला मिळतं. म्हणजे चढा दर न्याय्य ठरू शकतो. पण ५० की ८०, हे पडदा सांगत नाही. ते लोकांची कमाई प्रत्यक्ष किती हलते हे मोजूनच कळतं.

स्वार्थाचा आरोप तर उलटाच आहे. रॉल्सच्या पडद्याआडचे लोक स्वतःच्याच हिताचा विचार करतात. फक्त ते स्वतः कोण, हे त्यांना ठाऊक नसतं.

राहिलं ‘प्रत्येक जण’. फ्रोलिक आणि ओपेनहायमर या संशोधकांनी प्रयोगात लोकांना गटागटाने अशा निवडीला बसवलं. बहुतेक गटांनी किमान उत्पन्नाची हमी घेतली आणि त्यावर सरासरी जितकी वाढेल तितकी वाढू दिली. समान वाटप त्यांनी निवडलं नाही.