वाटण नासलंय की गॅस संपलाय

आमच्या फोंड्यात पावसाळ्यात लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, हे माहीत असूनही मी रविवारी संध्याकाळी ग्राफिक्स कार्डाचा नवीन ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, गेम लावला, स्क्रीनवर 'शेडर तयार होत आहेत, ६२ टक्के' असं आलं आणि धप्प. पंखा बंद, पीसी बंद, आणि बाहेर बेडकांचा कोरस.

लाईट आल्यावर गेम लावला तर लोडिंग संपता संपता डेस्कटॉपवर आपटला. परत लावला, परत तिथेच. सात वेळा. प्रत्येक वेळी त्याच जागी.

आता शेडर म्हणजे काय ते आईला समजावताना मला स्वतःलाच नीट समजलं. प्रकाश, सावली, पाणी कसं दिसायचं त्याचे छोटे छोटे प्रोग्राम गेमबरोबर येतात, पण ते कच्चे असतात, तुमच्या कार्डाला कळेल असं वाटण ड्रायव्हर करून देतो. रोज कोण वाटत बसणार, म्हणून ते डब्यात भरून डिस्कवर ठेवलं जातं, तीच शेडर कॅश. "म्हणजे शागोतीचं वाटण करून फ्रिजमध्ये ठेवते तसं," आई म्हणाली. अगदी तसंच! ड्रायव्हर बदलला म्हणजे मिक्सर बदलला, जुनं वाटण चालत नाही, सगळं नव्याने वाटायचं. आणि नेमकं तेव्हाच, झाकण उघडं असताना, लाईट गेली.

मित्राला फोन केला. त्याचं सगळ्या रोगांवर एकच औषध, "कॅश उडव रे". उडवायच्या ऐवजी मी कमांड प्रॉम्प्टमध्ये कॅशच्या फोल्डरचं नाव बदललं, कारण माझा माझ्यावरच विश्वास नाही:

```
ren "%LOCALAPPDATA%\D3DSCache" D3DSCache_old
```

पहिल्यांदा 'Access is denied' आलं, कारण मागे लाँचर चालू होता. तो बंद करून परत केलं. विंडोजने स्वतःच नवं रिकामं फोल्डर करून घेतलं. मोठ्या आशेने गेम लावला. आपटला. त्याच जागी!

मग डोकं जरा जागेवर आलं. ड्रायव्हर आपल्या डब्यांवर सहसा व्हर्जन लिहून ठेवतो, जुन्या व्हर्जनचा डबा दिसला की हात लावत नाही, त्यामुळे नुसता ड्रायव्हर बदलला म्हणून कॅश उडवायची खरं तर गरज नसते. पण काही गेम स्वतःचाही वेगळा डबा ठेवतात आणि तो तपासण्यात सगळेच काही सोवळे पाळत नाहीत. गेमचं `Saved` फोल्डर उघडलं तर त्यात कॅशची एक फाइल, वेळ ८:१७. आणि घरच्या ग्रुपवर माझा मेसेज, 'लाईट गेली', ८:१८. चोर सापडला.

इथे मी जवळजवळ अख्खं `Saved` उडवणार होतो. हात बटणावर होता हो. शेजारीच `SaveGames` नावाचं फोल्डर होतं, चाळीस तासांची माझी कमाई, ती पण वाटणाबरोबर कचऱ्यात गेली असती. फक्त ती एक फाइल बाहेर काढून ठेवली. गेम लावला, शेडर परत शून्यापासून तयार झाले, पहिली वीस मिनिटं नवीन जागा आली की गेम आचके देत होता, पण आपटला नाही. खात्री करायची खाज म्हणून गेम बंद करून जुनी फाइल परत ठेवून बघितली. आपटला! परत काढली. चालला. हे झाल्यावरच मी झोपलो, तोवर पाववाल्या पोदेराचा पों-पों ऐकू यायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी गावभर कॅशतज्ज्ञ. म्हापशाचा मावसभाऊ म्हणाला, त्याचा पण गेम आपटतो, तो रोज सकाळी कॅश उडवतो. विचारलं, कधी आपटतो? तर म्हणे कधी अर्ध्या तासाने, कधी पाऊण तासाने, कुठेही, आणि दुसरे गेम पण आपटतात. मग बाबा, तुझं वाटण चांगलंय, गॅसच संपलाय! एकाच गेममध्ये, एकाच जागी, ड्रायव्हर बदलल्यावर किंवा असं मध्येच बंद पडल्यावर सुरू झालं तर कॅशवर संशय घ्यावा, आणि गेमच्या स्वतःच्या डब्यासकट सगळी कॅश रिकामी करून पण तसंच झालं तर तो संशय सोडून द्यावा. रोज उडवून हा उलटा रोज सकाळी प्रोसेसरला नव्याने वाटायला बसवत होता. पीसीची बाजू उघडली तर पंख्यावर धुळीचं अस्तर आणि कार्डाचं तापमान बघून मावशी म्हणाली, यावर पोळे होतील.

साफ केल्यापासून त्याचा एकदाही आपटलेला नाही. तरी सकाळी कॅश उडवतोच, म्हणतो सवय लागलीय.

मी मात्र यूपीएस घेतला. आई त्याच्यावर फ्रिज लावायचा म्हणतेय.