सम्राटाचा उपाहार

आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत कोणाच्या घरी काय शिजते आहे ते जिन्यातल्या वासावरून कळते. परंतु आमचा सम्राट काय खातो हे सर्वांना कळले ते एका रविवारी सकाळी, तळमजल्यावरच्या साठेकाकूंनी खिडकीतून खणखणीत आवाजात विचारल्यामुळे. "अहो भाऊ, मला वाटतंय तेच खातोय का हो तो?" मी पट्टा ओढून पाहिले. होय, तेच खात होता, आणि ते त्याचे स्वतःचेही नव्हते.

सम्राट हा पावणेदोन वर्षांचा अल्सेशियन. हट्टाने त्याला घरी आणणारी कन्या नोकरीसाठी पुण्याला गेली आणि कुत्रा उलट्या वारसाहक्काने माझ्याकडे आला. त्या रविवारनंतर इमारतीत एक वैद्यकीय मंडळच स्थापन झाले. काकूंचे निदान कॅल्शियमची कमतरता असे होते, वॉचमनचे मत अननस द्यावा असे होते, आणि दुकानदाराने एक पावडर दिली, जी जेवणात मिसळली की पुढे जे बाहेर पडेल ते कुत्र्याला बेचव लागते असा तिचा दावा होता. जे मुळातच बेचव असावे अशी माझी आयुष्यभराची समजूत होती, ते आणखी बेचव करण्यासाठी पैसे मोजताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले. शिवाय ही पावडर सम्राटाच्याच पोटात जाणार होती, आणि तो तर शेजारच्या पोमेरियनचा आस्वाद घेत होता. अननस त्याने घरी आवडीने खाल्ला आणि नेहमीचा पदार्थ नेहमीप्रमाणे बाहेर खाल्ला. मी ओरडायला लागलो, तेव्हा तो मी पोहोचण्याआधी गिळून टाकायला शिकला.

शेवटी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी वजन केले, ते ३१ किलो भरले. मग अत्यंत गंभीरपणे त्यांनी विचारले की तो कोणाची विष्ठा खातो, ताजी की शिळी, आणि स्वतः दिवसातून किती वेळा जातो. ताजी, आणि दोन वेळा, असे उत्तर देताना मी आजूबाजूला कोणी ओळखीचे बसले नाही ना, हे पाहून घेतले. त्यांनी सांगितले की कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या विद्यापीठात बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला असून, त्यातील साधारण दर सहा कुत्र्यांपैकी एक ही सवय बाळगून होता. बहुतेकांना दोन दिवसांच्या आतलीच विष्ठा हवी असे. हार्ट यांचा तर्क असा की लांडग्यांच्या काळात आजारी जनावर गुहेजवळच घाण करी. तिच्यातील जंतांची अंडी एक-दोन दिवसांनी संसर्गक्षम होत, म्हणून त्याआधीच ती खाऊन गुहा स्वच्छ ठेवणे कळपाला परवडे. थोडक्यात, साठेकाकूंच्या खिडकीखाली जे चालले होते ते स्वच्छता अभियान होते. त्याच अभ्यासात बाजारातील चवबिघाडू पावडरींचे यश शंभरात दोनच्या पुढे गेले नव्हते, हे ऐकून मला खिशातली पावती आठवली.

"दुसऱ्या कुत्र्याची विष्ठा खाणारा, वजन टिकलेला आणि दोन वेळा घट्ट शी करणारा तरुण कुत्रा बहुधा आजारी नसतो," त्या म्हणाल्या. त्यांनी विष्ठेचा नमुना जंतांसाठी तपासून घेतला, कारण सवय निरुपद्रवी असली तरी त्यातून जंत मात्र येऊ शकतात, आणि जंताचे औषध वेळच्या वेळी द्यायला सांगितले. गवताचेही मी विचारून घेतले, कारण पावसाळा सुरू झाल्यापासून उपवन तलावाच्या काठी सम्राट शेळीसारखा चरत होता. दीड हजारांहून अधिक कुत्र्यांच्या एका पाहणीत, वनस्पती खाण्याआधी आजारी दिसणारे शंभरात नऊच होते आणि नंतर ओकणारे बावीस, असे त्या म्हणाल्या. म्हणजे पोट बिघडले म्हणून कुत्रा गवत खातो, ही आपली लाडकी समजूत बहुतेक वेळा लागू पडत नाही. मात्र एरवी न चरणारा कुत्रा एकाएकी अधाशीपणे गवत ओरबाडू लागला, वारंवार ओकू लागला किंवा जेवण नाकारू लागला, तर उशीर करू नये. आणि तणनाशक मारलेल्या हिरवळीवर त्याला कधीच सोडू नये.

मी निश्चिंत झालो, आणि इथेच माझे चुकले.

गणपतीनंतर सम्राट सडपातळ दिसू लागला. उपवनपर्यंतच्या माझ्या सकाळच्या फेऱ्यांचे हे फळ आहे असे मी चारचौघांत सांगत असे. प्रत्यक्षात तो पूर्वीच्या दीडपट जेवत होता, ताट चाटून पुन्हा स्वयंपाकघरात उभा राहत होता, आणि दिवसातून पाच-सहा वेळा बाहेर जायचा हट्ट धरत होता. पिशवी घेऊन मागे चालणारा मी; त्यामुळे फरक पहिल्यांदा माझ्याच लक्षात यायला हवा होता. पूर्वी जे घट्ट आणि तपकिरी असे, ते आता शेणासारखे ढीगभर, फिकट पिवळसर, तेलकट चकाकी असलेले झाले होते. आणि आता तो स्वतःचेही खाऊ लागला होता. सौभाग्यवतींनी तर सरळ निकाल दिला, "तुम्ही त्याला उपाशी मारताय."

काट्यावर २५ किलो भरले, तेव्हा डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. "आधी तो सवयीने खात होता. आता भुकेने खातोय, आणि का खाऊ नये? त्यात अर्धे जेवण जसेच्या तसे शिल्लक आहे."

त्यांना शंका होती ती स्वादुपिंडाची. अल्सेशियन जातीत तरुणपणीच स्वादुपिंडातील पाचकरस तयार करणारा भाग झिजून जाण्याचा आजार आढळतो, आणि सुमारे नव्वद टक्के भाग निकामी होईपर्यंत बाहेर काही दिसत नाही. मग अन्न पोटात जाते पण पचत नाही, विशेषतः चरबी. कुत्रा भरल्या ताटावर उपाशी राहतो. याची खात्री रक्ताच्या टीएलआय तपासणीने होते; स्वादुपिंडाचे पाचक काम किती उरले आहे ते तिच्या आकड्यावरून कळते. त्यासाठी सम्राटाला रात्रभर उपाशी ठेवायचे होते, आणि ती रात्र त्याने माझ्या पलंगाशेजारी बसून, मीच त्याचे जेवण आहे अशा नजरेने माझ्याकडे पाहत काढली. अहवाल आला: १.४. अडीचच्या खाली आकडा आला की निदान पक्के मानतात. निरोगी कुत्र्यात तो साधारण सहाच्या वर असतो.

उपचार म्हणजे पुन्हा एक पावडर, पण या वेळी खरी: डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली, पाचक घटकांची. प्रत्येक जेवणात, दर दहा किलो वजनाला एक चमचा, म्हणजे सम्राटाला अडीच चमचे, नीट कालवून ओल्या अन्नातून. कोरडी राहिली तर तोंडात फोड येतात. ही आयुष्यभर द्यायची. त्याच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्वही कमी निघाले होते, म्हणून सहा आठवडे दर आठवड्याला एक इंजेक्शन आणि महिन्याने आणखी एक. आमच्याकडे डुकराचे नाव घेतले तरी भांडी वेगळी होतात. पण सौभाग्यवतींनी एक चमचा आणि एक वाटी खास राखून ठेवली आणि ती पावडर स्वतः कालवायला घेतली.

आठवड्याभरात ढीग आटले, रंग तपकिरी झाला, आणि मी ती बातमी पुण्याला फोन करून अशा आनंदाने सांगितली की कन्येला वाटले मला बढती मिळाली. दोन महिन्यांत वजन २९ झाले. स्वतःचे खाणे त्याने बंद केले.

पोमेरियनचे मात्र चालूच आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ती सवय होती ना, तिला पावडर कशी लागू पडेल?" त्यामुळे हल्ली मी खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवतो. पोमेरियन बसू लागला की सम्राटाला हाक मारायची, तो आला की एक तुकडा द्यायचा, आणि तेवढ्यात पोमेरियनच्या मालकांनी पिशवी उघडायची, असा आमचा करार आहे. काल ते फोनवर बोलत राहिले. सम्राटाने आधी माझा तुकडा खाल्ला, मग नेहमीचा पदार्थ खाल्ला, आणि वर साठेकाकूंची खिडकी उघडली.